मराठी शोधनिबंधातले आकडे: देवनागरी की इंग्रजी? दशांश चिन्ह आणि p, t यांचं काय करायचं?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी. आम्ही तिघींनी मिळून शिक्षणशास्त्रातला एक निबंध मराठीत लिहिला आहे. आठवीच्या दोन तुकड्यांच्या वाचन-आकलनाची तुलना, साधी टी-चाचणी. परीक्षकांनी मजकुरावर फारसा आक्षेप घेतला नाही, पण शेवटी एक ओळ लिहिली आहे: "सांख्यिकीय मूल्यांच्या लेखनात एकवाक्यता आणावी." कशी आणावी ते नियतकालिकाच्या सूचनांमध्ये कुठेच दिलेलं नाही.

तिघींनी आपापला भाग आपापल्या संगणकावर लिहिला. त्यामुळे आमचा निष्कर्षाचा परिच्छेद आज असा दिसतो (आकडे इथे नमुन्यादाखल बदलून दिले आहेत):

> प्रायोगिक गटाचे मध्यमान 18.4 (प्र.वि. ३.६) व नियंत्रित गटाचे मध्यमान १६.२५ (प्र.वि. 3.90) असून t(60)=2.257, p<.05 म्हणून फरक सार्थ आहे.

कोष्टकात हेच पी-मूल्य .028 असं आहे, कारण ते एसपीएसएसमधून जसंच्या तसं उचललं आहे. आलेखाच्या अक्षांवरचे आकडे इंग्रजी, पानांचे क्रमांक देवनागरी. प्रायोगिक गटात 32 आणि नियंत्रित गटात 30 मुलं.

माझे प्रश्न तीन. आकडे कोणत्या लिपीत ठेवायचे? `.05` लिहायचं की `0.05`? आणि p, t ही अक्षरं इंग्रजीच ठेवायची की 'पी', 'टी' करायची?

---

विवेक_औंध

यात एवढा विचार करण्यासारखं काही नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 343 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अंकांचं रूप आंतरराष्ट्रीय असेल. म्हणजे 1, 2, 3. देवनागरी अंक फक्त परंपरा म्हणून चालू आहेत. सगळे आकडे इंग्रजी करून टाका, प्रश्न मिटला.

---

जुना_सांख्यिक

विवेकराव, अनुच्छेदाचा क्रमांक बरोबर सांगितलात, पण त्याची व्याप्ती तुम्ही वाढवलीत. अनुच्छेद ३४३ 'संघाच्या शासकीय प्रयोजनांसाठी' आहे, म्हणजे केंद्र सरकारच्या कामकाजासाठी. पुण्यात निघणाऱ्या मराठी नियतकालिकाला तो लागू होत नाही. शिवाय त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात पहिल्या पंधरा वर्षांच्या काळात राष्ट्रपतींना देवनागरी अंकांचाही वापर प्राधिकृत करण्याची मुभा ठेवलेली होती. तेव्हा कायद्याने इथे कुणाचेच हात बांधलेले नाहीत. निर्णय संपादकांचा, आणि त्यांनी काही सांगितलं नसेल तर लेखकांचा.

सायलीताई, मी बरीच वर्षं सांख्यिकी शिकवली आणि मराठी प्रबंध तपासले. माझं मत सरळ सांगतो. वाचक जे वाचणार ते सगळं देवनागरीत: मजकूर, कोष्टकं, आलेख, पानांचे क्रमांक आणि सांख्यिकीय मूल्यंसुद्धा. यंत्राला जे जसंच्या तसं द्यावं लागतं ते इंग्रजीत: संकेतस्थळाचा पत्ता, डीओआय, संगणकीय आज्ञा, सॉफ्टवेअरची आवृत्ती. इंग्रजी संदर्भाची नोंद इंग्रजीतच असेल, तर तिच्यातलं वर्ष आणि पृष्ठांकही इंग्रजीच. ही एकच सीमारेषा आखलीत की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण प्रत्येक आकड्याला एकच विचारायचं: हा वाचायचा आहे की टंकायचा आहे?

चिन्हांची अक्षरं मात्र मी लॅटिनच ठेवीन. `t`, `p`, `F`, `r`, `d` ही अक्षरं जगभर तीच आहेत आणि मराठी वाचकानेही ती तशीच शिकलेली असतात. वाक्यात बोलल्यासारखं लिहायचं असेल तेव्हा 'टी-चाचणी', 'पी-मूल्य' लिहा, कारण तिथे विभक्ती लागते: 'पी-मूल्याचा', 'टी-चाचणीने'. बरोबरीचं चिन्ह आलं की ते सूत्र झालं, तिथे `p = ०.०२८`. 'पी = ०.०२८' असं कुठेही नको.

---

केतन_आर

सर, मूल्यं देवनागरीत ठेवण्याशी मी सहमत नाही. मजकुरात 'आठवीच्या ६२ विद्यार्थ्यांनी' ठीक आहे. पण `t(60) = 2.26` हे पूर्ण सूत्र आहे. त्यातली अक्षरं लॅटिन, ग्रीक, कंस आंतरराष्ट्रीय, मग अंक तेवढे देवनागरी का? उद्या कुणी मेटा-अ‍ॅनालिसिस करायला बसलं आणि तुमच्या पीडीएफमधलं कोष्टक उचललं तर आर हे देईल:

```
as.numeric("२.२६")
# NA
```

पायथन देवनागरी अंक ओळखतो, `float("२.२६")` चालतं. पण सगळी साधनं तशी नाहीत. पीडीएफमध्ये 0.028 शोधलं तर ०.०२८ सापडत नाही, ही अडचण वेगळीच.

---

जुना_सांख्यिक

केतन, अडचण खरी आहे, पण ती निबंधाच्या पानावर सोडवायची नाही. ज्याला आकडे यंत्रात घालायचे आहेत त्याच्यासाठी विदासंच वेगळ्या फाइलमध्ये द्यावा आणि तो पूर्ण इंग्रजी अंकांत असावा. निबंधातलं कोष्टक माणसासाठी असतं. 'मध्यमान १८.४०' वाचून पुढच्याच ओळीत 'फरक 2.15' आला, तर वाचक हिशेब करायचं सोडून लिपी बदलत बसतो. वजाबाकीचे दोन्ही आकडे मजकुरात आणि टी-मूल्य सूत्रात अशी सरमिसळ निष्कर्षाच्या परिच्छेदात प्रत्येक वाक्याला होते. म्हणून तुझी 'मजकुरात देवनागरी, सूत्रात इंग्रजी' ही वाटणी कागदावर स्वच्छ दिसली तरी लिहिताना टिकत नाही. मध्यमान वाक्यात आलं तर ते मजकूर की सूत्र?

सगळंच इंग्रजी अंकांत ठेवणं ही दुसरी सुसंगत वाट आहे. ती कुणी घेतली तर मी चूक म्हणणार नाही. मधली वाट तेवढी टाळा.

---

वर्षा_टीचर

सगळंच इंग्रजी ही वाट मुलांच्याही सवयीची आहे. मराठी माध्यमाच्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात बघा, मजकूर मराठी आणि आकडे इंग्रजी. ही मुलं पुढे मराठीत प्रबंध लिहितील तेव्हा त्यांना देवनागरी आकडेच परके वाटतील. माझ्या वर्गातली मुलं ४ आणि 8 मध्ये गोंधळतात, ५ चा 4 वाचतात. मला वाटतं मुळात शाळेतच एक काय ते ठरवलं पाहिजे. पाचवीच्या मुलांना अक्षरी संख्या लिहिताना 'एकोणऐंशी' का 'एकोणेंशी' यावर कुणी मार्गदर्शन करेल का?

---

सायली_कोथरूड

वर्षाताई, अक्षरी संख्यांसाठी वेगळा धागा काढा ना, मीही तिथे येईन. पण दहावीच्या पुस्तकाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

सर, लिपीचं म्हणणं कळलं. आमच्या नियतकालिकाचा बाकीचा मजकूर देवनागरी अंकांतच असतो, त्यामुळे आम्ही देवनागरीकडे झुकतोय. दशांशाबद्दल सांगा. एपीएच्या सातव्या आवृत्तीत तर पी-मूल्याच्या आधीचं शून्य लिहू नका असं आहे. आमची एक सहलेखिका त्यावर ठाम आहे.

---

जुना_सांख्यिक

एपीएचा नियम असा, की जे मूल्य एकाच्या पुढे जाऊच शकत नाही, उदाहरणार्थ `p` किंवा सहसंबंध गुणक `r`, त्याच्या दशांश चिन्हाआधी शून्य द्यायचं नाही. `d` एकाच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून तिथे शून्य द्यायचं. एसपीएसएसच्या उत्तरातही `.028` असंच येतं. तो नियम इंग्रजी लेखनासाठी केलेला आहे. त्यातली माहितीची शिस्त घ्यावी, टंकनाची सवय घ्यायलाच हवी असं नाही.

मराठीत ते शून्य ठेवा, सर्वत्र. मराठीत वाक्य संपवायला आपण तेच टिंब वापरतो आणि संक्षेपालाही तेच. आता 'प्र.वि. .९०' किंवा 'पातळी .०५.' हे पाहा. त्यांतल्या टिंबांपैकी दशांशाचं कोणतं ते शोधावं लागतं. छपाईत टिंब पुसट आलं तर .०५ चे ०५ होतात. शून्य पुढे असेल तर टिंब पुसट होऊनही '० ०५' उरतं आणि वाचकाला शंका तरी येते. शिवाय मराठी शाळेत 'शून्य पूर्णांक' म्हणूनच दशांश अपूर्णांक शिकवला जातो, तेव्हा उघड्या टिंबाने सुरू होणारी संख्या आपल्या वाचकाच्या सवयीची नाही.

चिन्ह मात्र टिंबच. २००३ च्या वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने टिंब आणि स्वल्पविराम दोन्हींना दशांश चिन्ह म्हणून मान्यता दिली आहे. पण आपण स्वल्पविराम हजार-लाखांसाठी वापरतो, १२,३४,५६७ असा. तो दशांशाला दिला तर गोंधळ होईल.

एसपीएसएसबद्दल आणखी एक. तिथे `.000` दिसलं तर ते शून्य नव्हे, फक्त तीन स्थळांपर्यंत उरलेलं काही नाही. ते `p < ०.००१` असं लिहायचं. आणि तुमच्याकडे ०.०२८ हे नेमकं मूल्य हातात असताना मजकुरात `p < .05` कशासाठी? तेच मूल्य दोन ठिकाणी दोन रूपांत आलं की परीक्षक एकवाक्यता मागणारच.

---

मंदाकिनी_ताई

मी घरी टायपिंगची कामं घेते. माझ्याकडे आलेला एक प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होता. त्यात जिथे जिथे p होता तिथे भलतंच मराठी अक्षर उमटलं होतं आणि < च्या जागी कसलीशी मात्रा. विद्यार्थ्याला वाटलं मी चुकीचं टाइप केलं. यावर काही उपाय आहे का? फाइल उघडली की सगळं बरोबर दिसतं, प्रिंटवाल्याकडे गेली की बिघडतं.

---

अक्षरजुळणी_एबीसी

मंदाताई, चूक तुमची नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आम्ही बरेच डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टमध्येही कामं करतो, म्हणून सांगतो. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने सगळी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांवर मराठी आकार चढवलेले असतात. p या कळीवर जो मराठी आकार बसवला आहे तोच दिसणार. खरा लॅटिन p हवा असेल तर तेवढ्या अक्षराला फॉन्ट बदलावा लागतो. युनिकोडमधला मजकूर रूपांतरकातून जुन्या फॉन्टमध्ये नेला की हा फॉन्टबदल हरवतो आणि p, t, < यांची वाट लागते. आकड्यांचंही तसंच. काही जुन्या फॉन्टमध्ये अंकांच्या कळांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, तिथे डीओआयमधले इंग्रजी आकडेसुद्धा देवनागरी दिसू लागतात.

सायलीताई, तुमचं नियतकालिक कशात जुळणी करतं ते आधी विचारून घ्या. युनिकोड असेल तर निर्धास्त राहा. जुना फॉन्ट असेल तर सूत्रं असलेल्या ओळींची वेगळी यादी द्या आणि प्रुफात त्या ओळी मूळ प्रतीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा.

आता वर्डबद्दल. वर्ड देवनागरीला वेगळ्या गटात धरतो आणि इंग्रजीला वेगळ्या. दोघांचे फॉन्ट वेगळे, आकार वेगळा, ठळकपणाही वेगळा. म्हणून `t(60)` आणि मराठी मजकूर एकाच आकारमानात टंकूनही लहान-मोठे दिसतात. देवनागरी अंक घेतले की निदान आकडे मजकुराच्या फॉन्टमध्ये येतात आणि फक्त `t` वेगळा राहतो.

तो `t` तिरपा करायचा, तर फक्त तोच निवडा. पूर्ण सूत्र निवडून तिरपं केलंत तर देवनागरी अंकही कलतात. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरा तिरपा साचा नसतो, संगणक सरळ अक्षर ढकलून वाकडं करतो. ३ आणि ६ ची वळणं त्यात बिघडतात. कंस, बरोबरीचं चिन्ह, आकडे सगळं उभं ठेवा. ग्रीक अक्षरंही उभीच.

---

सायली_कोथरूड

हे फारच उपयोगी. नियतकालिकाला विचारलं, जुळणी युनिकोडमध्येच होते.

मग आता सगळे इंग्रजी आकडे शोधा-बदला करून देवनागरी करू का? दहा वेळा बदल केला की झालं असं वाटतंय.

---

अक्षरजुळणी_एबीसी

सरसकट करू नका. डीओआय, संकेतस्थळांचे पत्ते आणि इंग्रजी संदर्भ सगळे बदलतील, दुवे मरतील. कोष्टक आणि आकृतीचे क्रमांक वर्डने आपोआप दिलेले असतील तर तुम्ही बदललेला आकडा पुढच्या अद्ययावतीकरणात पुन्हा इंग्रजी होईल. त्यांच्यासाठी क्रमांकाच्या स्वरूपातच १, २, ३ निवडायचं, पृष्ठांकालाही तसंच.

आधी संदर्भसूची कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. उरलेल्या मजकुरात एकेक बदल पाहत पुढे जा. शेवटी मिश्र आकडे शोधा, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत. देवनागरी ० आणि इंग्रजी 0 बऱ्याच फॉन्टमध्ये जुळे वाटतात. '०.05' डोळ्यांनी पकडता येतं, पण '0.२३' मधलं शून्य इंग्रजी आहे हे कुणाच्याही लक्षात येत नाही. मजकूर नोटपॅड++ सारख्या संपादकात टाका आणि रेग्युलर एक्सप्रेशन लावून हे शोधा:

```
[0-9][.,]?[०-९]|[०-९][.,]?[0-9]
```

जे सापडेल ते सगळं सरमिसळ झालेलं. ते संपलं की नुसतं `[0-9]` शोधा आणि उरलेला प्रत्येक इंग्रजी आकडा मुद्दाम ठेवलेला आहे ना, ते बघा.

त्याच फेरीत दोन चिन्हं तपासा. पहिलं विसर्गाचं. मराठी कळफलकावर असताना गुणोत्तर १:२ लिहिताना अनेक जण अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकतात, '१ः२' असं. नुसतं पाहून फरक कळत नाही, पण विसर्ग मागच्या अंकाला चिकटतो आणि काही फॉन्टमध्ये मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. `[०-९]ः` शोधलंत की सापडेल.

दुसरं उणे चिन्ह. कळफलकावरची आडवी रेघ ही जोडरेघ आहे. 'r = -०.४२' ओळीच्या शेवटी आलं तर रेघ वरच्या ओळीत राहते आणि ०.४२ खाली येतं. धन सहसंबंध छापला जातो! खरं उणे चिन्ह वेगळं आहे: वर्डमध्ये `2212` टंकून `Alt+X` दाबा, − मिळेल. मात्र तुमच्या देवनागरी फॉन्टमध्ये ते नसेल तर दुसऱ्या फॉन्टमधून येतं आणि जाडी वेगळी दिसते. एकदा छापून बघा. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा, पण ती न तुटणारी, `Ctrl+Shift+Space` ने. मग `p =` एका ओळीत आणि ०.०२८ दुसऱ्या ओळीत असं होणार नाही.

---

केतन_आर

मी अजूनही सूत्रात इंग्रजी अंकांच्याच बाजूचा आहे, पण सायलीताईंनी ठरवलंच आहे तर आलेखाचं सांगतो. मूळ विदा कधीही देवनागरी करू नका. फक्त दाखवताना बदला. एक्सेलमध्ये अक्ष निवडून त्याच्या संख्या-स्वरूपात हे घाला:

```
[$-4000439]0.0
```

पेशीतली संख्या संख्याच राहते, दिसते मात्र देवनागरीत. 'स्रोताशी जोडलेले' ही खूण काढायला विसरू नका.

आरमध्ये जीजीप्लॉट वापरत असाल तर:

```
mr <- function(x) chartr("0123456789", "०१२३४५६७८९",
                         formatC(x, format = "f", digits = 1))
... + scale_y_continuous(labels = mr)
```

विंडोजवर आर 4.2 किंवा पुढचं हवं. त्याआधीच्या आवृत्त्या विंडोजवर मूळ यूटीएफ-८ वापरत नव्हत्या आणि देवनागरीचा चुथडा व्हायचा. (ही आवृत्ती मी मुद्दाम इंग्रजी अंकांत लिहिली, सरांच्या सीमारेषेप्रमाणे!)

आणि सरांच्या बाजूचा एक मुद्दा मलाच सापडला, तो प्रामाणिकपणे देतो. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-माहितीसंचात मराठीसाठी मूळ अंकपद्धती देवनागरी धरली आहे, हिंदीसाठी लॅटिन. ब्राउझरमध्ये करून बघा:

```
new Intl.NumberFormat('mr-IN').format(1234567.89)
// "१२,३४,५६७.८९"
```

म्हणजे अंक, लाखांचा स्वल्पविराम आणि दशांश टिंब तिन्ही सरांनी सांगितले तसेच येतात.

---

विवेक_औंध

अनुच्छेद ३४३ पुन्हा वाचला. 'संघाच्या' हा शब्द आहे खरा. तरी केंद्राच्या अनुदानावरच्या प्रकल्पाचा अहवाल असेल तर आंतरराष्ट्रीय अंकच बरे, असं मला अजून वाटतं.

---

जुना_सांख्यिक

प्रकल्प अहवालाला देणाऱ्याचा नमुना पाळावा, त्यात वाद नाही.

सायलीताई, आता दशांशस्थळं. लिपीपेक्षा मला याचीच जास्त काळजी आहे, कारण इथे अर्थ बिघडतो. तुमच्याच आकड्यांवर दाखवतो.

गट ३२ आणि ३० चे, प्रमाण विचलनं ३.६० आणि ३.९०. एकत्रित प्रसरण १४.०५ येतं, त्यावरून मध्यमानांच्या फरकाची प्रमाण त्रुटी ०.९५. मध्यमानं १८.४० आणि १६.२५ धरली तर फरक २.१५ आणि टी-मूल्य २.२६. हे तुमच्याशी जुळतं. पण समजा एखादीने सगळं एका स्थळापर्यंत आणायचं ठरवलं आणि १६.२५ चे १६.३ केले. आता वाचकाला फरक २.१ दिसतो आणि त्याचं टी-मूल्य २.२० येतं. त्याला वाटेल तुमचा हिशेब चुकला. हिशेब बरोबर आहे, छापलेला आकडाच अपुरा आहे.

म्हणून मध्यमान आणि प्रमाण विचलन दोन स्थळांपर्यंत, टी-मूल्य आणि `d` दोन, पी-मूल्य तीन. एका स्तंभात एकच संख्या स्थळांची. १८.४ नको, १८.४० हवं. शेवटचं शून्य शोभेचं नसतं, ते मोजमापाची बारकाई सांगतं. हिशेब मात्र पूर्ण अचूकतेने करायचा आणि छापताना एकदाच पूर्णांकन करायचं. स्वाधीनता मात्रा आणि विद्यार्थीसंख्या पूर्णांकातच, ६०.०० असं लिहू नये.

विश्वास अंतरालासाठी दोन आकड्यांमध्ये रेघ घालू नका. '०.२४-४.०६' मधली रेघ उणे वाटते, आणि खालची सीमा ऋण असली तर दोन रेघा शेजारी येतात. मराठीत 'ते' आहे, तो वापरा.

टक्क्यांचंही तसंच. वाक्यात 'टक्के' लिहा, कारण '४५%नी' असं प्रत्यय जोडून वाचता येत नाही, '४५ टक्क्यांनी' वाचता येतं. % चिन्ह कोष्टकाच्या शीर्षकात ठेवा, प्रत्येक चौकटीत पुन्हा नको.

---

सायली_कोथरूड

सर्वांच्या सूचना धरून परिच्छेद पुन्हा लिहिला. सर, आकडे एकदा बघाल का?

> प्रायोगिक गटाचे मध्यमान १८.४० (प्रमाण विचलन ३.६०) आणि नियंत्रित गटाचे मध्यमान १६.२५ (प्रमाण विचलन ३.९०) होते. मध्यमानांतील फरक २.१५ असून त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल ०.२४ ते ४.०६ होता. ०.०५ सार्थकता स्तरावर हा फरक सार्थ आढळला; *t*(६०) = २.२६, *p* = ०.०२८, *d* = ०.५७.

कोष्टकाची शीर्षकं पूर्ण मराठीत केली: गट, विद्यार्थीसंख्या, मध्यमान, प्रमाण विचलन. तिथे `M` आणि `SD` काढून टाकले, शब्द असताना अक्षराची गरज वाटली नाही. पद्धतीच्या भागात एक वाक्य घातलं: "या निबंधात सर्व संख्या देवनागरी अंकांत दिल्या असून सांख्यिकीय चिन्हे आंतरराष्ट्रीय संकेतानुसार लॅटिन व ग्रीक अक्षरांत ठेवली आहेत."

मिश्र आकड्यांचा शोध लावला तेव्हा कोष्टकात '0.५७' सापडलं. तिघींनीही ते वाचलं होतं आणि कुणालाच दिसलं नव्हतं.

---

जुना_सांख्यिक

आकडे तपासले, जुळतात. `d` म्हणजे २.१५ भागिले ३.७५, ०.५७ बरोबर. अंतरालही बरोबर.

---

वर्षा_टीचर

परिच्छेद छान वाचला जातोय. तरी माझ्या विद्यार्थ्यांना `t(६०)` विचित्र वाटेल असं मला वाटतं. कंसात ६० आणि बाहेर t, दोन लिपी एकमेकींना चिकटलेल्या. सवयीचा भाग असेल.

---

केतन_आर

तेच मी म्हणत होतो, वर्षाताई. आणि सर, एक अडलेलं राहिलंच. याच निबंधात पुढे काय-वर्ग चाचणी आली तर? `χ²` मधला वर लिहिलेला 2 देवनागरी करायचा का? युनिकोडमध्ये ² हे स्वतंत्र अक्षर आहे, देवनागरी २ चं तसं वरचं रूप नाही. साधा २ टंकून फॉरमॅटिंगने वर चढवावा लागेल, आणि फाइल दुसरीकडे नेताना ते फॉरमॅटिंग गेलं तर `χ२` उरेल.

---

जुना_सांख्यिक

मी ² तसाच ठेवीन. तो २ मोजलेला आकडा नाही, चिन्हाच्या नावाचा भाग आहे. `R²` चंही तसंच. पण सूत्राची मांडणी करताना घातांक म्हणून वर्ग आला, उदाहरणार्थ विचलनांचे वर्ग, तर तिथे माझाच नियम अडखळतो. तिथे मी आजवर दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

---

अक्षरजुळणी_एबीसी

जुळणीच्या बाजूने सांगतो: एकाच पानावर `χ²` मध्ये इंग्रजी आणि घातांकात देवनागरी आला तर दोन्हींची उंची जुळत नाही, कारण एक तयार अक्षर आहे आणि दुसरं छोटं केलेलं. समीकरण-संपादकात घातांक घातलात तर देवनागरी अंक गणिताच्या फॉन्टमध्ये नसल्यामुळे तिसऱ्याच फॉन्टमधून येतो. मी अशा निबंधांत सगळे घातांक इंग्रजी ठेवायला सुचवतो, पण एका संपादकांनी ते मान्य केलं आणि दुसऱ्यांनी प्रुफात सगळे बदलून पाठवले. सायलीताई, तुमच्या निबंधात घातांक नाहीत, त्यामुळे तुम्ही पाठवून द्या. ज्यांच्या निबंधात आहेत त्यांनी एखादं छापील पान इथे टाकलं तर बघता येईल.